कव्हराच्या आतली चकती

चिखलीत एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत तुम्ही इंद्रभानचं घर विचारलंत तर लोक घर सांगत नसत, हात सांगत. "इंद्रभानचा हात लागला का मंग पाह्यचं काम नाही," असं. माणसाच्या कमाईत शेतीवाडी असते, घरदार असतं. इंद्रभानच्या कमाईत हे एक वाक्य होतं, आणि ते मिळवायला त्याला अडतीस वर्षं लागली होती.

त्यातली बावीस घड्याळांत गेली. डोळ्याला भिंग लावून, श्वास धरून, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायच्या. मग लोकांनी मनगटावरची घड्याळं काढली आणि खिशात मोबाईल ठेवले. दुसरा कुणी असता तर नशिबाला शिव्या देत बसला असता. इंद्रभान पंचेचाळिशीला आल्यावर मोबाईल उघडायला शिकला. घड्याळाच्या टेबलावर शाळा बुडवून येऊन बसणारा अविनाश तोवर मोठा झाला होता, त्यानं मोबाईलचं दुकान टाकलं होतं. सोल्डरिंग आयर्न कसं धरायचं हे त्याला इंद्रभाननंच शिकवलेलं. त्यानं काकांना काचेच्या पार्टिशनमागे एक खुर्ची आणि दिवा दिला. उपकाराची परतफेड म्हणा हवं तर. खरं सांगायचं तर सबंध दुकानात नाजूक काम येणारा तो एकच माणूस होता, आणि हे अविनाशला चांगलं कळत होतं.

घड्याळजीची एक खोड मात्र इंद्रभाननं सोडली नाही. वस्तू उघडण्याआधी तो तिची हकिगत विचारायचा. कुठं ठेवता, कशी ठेवता, कोणत्या कुशीवर झोपता. गिऱ्हाइकं हसायची. अविनाशही हसायचा, पण मागे.

यंदा आडत्या गुलाबरावांचा महागाचा फोन पायरीवरून पडला आणि त्याची मागची काच फुटली. इंद्रभाननं ती बदलली. ह्या फोनच्या पाठीला आत तांब्याच्या तारेचं एक चपटं वेटोळं असतं. वायर न लावता चार्ज होणाऱ्या फोनची सगळी मदार त्याच्यावर. ते वेटोळं जरा जरी सरकून बसलं तरी खालच्या चार्जरच्या वेटोळ्याशी त्याचं जमत नाही. इंद्रभाननं ते भिंगातून तीनदा पाहिलं आणि मग काच चिकटवली. फोन न्यायला आलेल्या गुलाबरावांना अविनाशनं नवीन बिनवायरचा चार्जरही गळ्यात मारला. पोळपाटासारखा गोल, वर फोन ठेवला की झालं.

आठव्या दिवशी गुलाबराव दुकानात शिरले ते ओरडतच.

"काय धंदा करून राह्यले बे तुम्ही? रात्रभर टिंग टिंग, टिंग टिंग! चालू होते अन् बंद पडते. सकाळी पाहतो तं चाळीस टक्के. अन् आमच्या घरच्यांनी फोन उचलला तं हाताले चटका बसला!"

घरच्या म्हणजे सोजराबाई. त्यांचा तळवा लाल झाला होता, फोड आला नव्हता. पण गुलाबरावांच्या सांगण्यात गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो त्याचा दवाखाना झाला.

अविनाशनं पार्टिशनकडं पाहिलं. काच बदलल्यावर तक्रार, म्हणजे काच बदलणाऱ्याकडं बोट जाणारच. आपले डोळे साठीला आले आहेत हे इंद्रभानला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

त्यानं फोन घेतला. गुलाबरावांनी कव्हर काढून खिशात टाकलं आणि नुसता फोन दिला. चार्जरच्या मधोमध ठेवल्यावर एकदाच टिंग झालं आणि फोन मुकाट चार्ज होत राहिला. अर्ध्या तासात पाठ कोमट झाली, बस. दोन बोटं सरकवून ठेवला तर मात्र चार्जिंग तुटलं. ते तर कोणत्याही फोनचं होतं. वेटोळ्यावर वेटोळं आलं पाहिजे ना.

"इथं चालते, घरी चालत नाही! माह्या घरात भूत हाय काय?" गुलाबराव म्हणाले.

इंद्रभानची जुनी खोड जागी झाली. "साहेब, फोन घरी जसा राह्यते तसाच मले द्या. कव्हरासगट."

"कव्हराचा काय संबंध?"

"द्या तं खरं."

गुलाबरावांनी कपाळाला आठ्या घालत कव्हर दिलं. जाडजूड रबराचं, पडला तरी फुटू नये म्हणून काच फुटल्यावर घेतलेलं. इंद्रभाननं पार्टिशनमागे नेऊन ते फोनला चढवलं आणि फोन चार्जरवर ठेवला. टिंग. थोड्या वेळानं बंद. पुन्हा टिंग. पुन्हा बंद. दहा मिनिटांत कव्हराला हात लावला तर आतून एकाच जागी चांगलंच गरम लागत होतं. मग त्यानं कव्हर उतरवलं आणि आतली बाजू दिव्याखाली धरली.

आत लोखंडाची एक पातळ चकती चिकटवलेली होती, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. गाडीत फोन अडकवायचा चुंबकाचा स्टँड असतो, त्याला धरून राहायला लावतात ती. वेटोळ्याच्या अर्ध्या भागावर ती आडवी आली होती. चार्जरची सगळी ताकद फोनऐवजी ती चकती खात होती आणि तापत होती. मधे काहीतरी धातू आहे म्हणून चार्जर स्वतःहून थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा. त्यात रबर जाड, म्हणजे दोन वेटोळ्यांत अंतरही जास्त. इंद्रभाननं नखानं चकती काढली, फोन कव्हरासकट चार्जरच्या बरोब्बर मधोमध ठेवला. एक टिंग, मग शांत. गती जरा कमी होती, पण तुटलं नाही.

त्याला इतका आनंद झाला की तो खुर्चीवरून उठलाच. हात शाबूत होते. डोळे शाबूत होते. तो चकती बोटावर घेऊन बाहेर जाणार, तोच अविनाश पार्टिशनच्या आत आला आणि दार लोटून उभा राहिला.

चकती पाहून त्याचा चेहरा पडला. पडणारच. दिवाळीला त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला चुंबकाचा स्टँड फुकट दिला होता, आणि स्वतःच्या हातानं कव्हरांत चकत्या चिकटवल्या होत्या. गुलाबरावांचं नवं कव्हर आलं तेव्हाही जुन्या कव्हरातली चकती काढून त्यानंच ह्यात लावली होती. नंतर त्याच लोकांना हे चार्जर विकले. एका हातानं पाणी आणि दुसऱ्या हातानं वीज विकण्यातला प्रकार.

"काका," तो हळूच म्हणाला, "हे बाहेर बोलू नका."

"काऊन? बिघाड सापडला ना."

"गाळा गुलाबरावच्या साळ्याचा हाय. माही चूक हाय म्हणून कळलं तं उद्या खाली करा म्हणतीन. तुम्ही एवढं म्हणा, का काच लावताना वेटोळं जरासं सरकलं होतं, आता बसवलं. दोन शब्द बोलतीन तुम्हाले. बाकी मी पाहतो."

"मी नाही सरकवलं अविनाश."

"मले माहीत हाय ना काका. मले माहीत हाय, झालं ना! खुर्ची कोणाच्या भरवशावर हाय आपली?"

आपली म्हणाला. इंद्रभानला घरी बायको अन्नपूर्णा दिसली, तिची गुडघेदुखी दिसली, आणि साठीच्या माणसाला नवी खुर्ची कोण देणार हेही दिसलं. चूक एकाची आणि कबुली दुसऱ्याची, एवढंच तर. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तेव्हा संन्याशाला निदान कुणी विचारत तरी नाही. त्याला विचारलं होतं, आणि त्यानं मान हलवली.

बाहेर येऊन तो म्हणाला, "हाव साहेब. माह्याकडून झालं. वेटोळं सरकलं होतं. आता बराबर हाय."

गुलाबराव दोन शब्द बोलले असते तर चाललं असतं. पण दुकानात सहा गिऱ्हाइकं उभी होती, आणि सहा गिऱ्हाइकांसमोर अविनाशला मालक दिसायचं होतं. आपण किती कडक आहोत हे गुलाबरावांना दाखवायची ही नामी संधी त्यानं सोडली नाही.

"दिसत नाही तं सांगत काऊन नाही बे?" तो इंद्रभानवर ओरडला. "लोकायचा हात जळून राह्यला अन् तू मले आता सांगतं!"

बे. आणि तू. ज्या पोराचं बोट धरून सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवलं, त्या पोराच्या तोंडून. कुणीतरी हसलं. इंद्रभाननं चकती मुठीत इतकी आवळली की तिची कड तळव्यात रुतली. स्वतःच्या तोंडानं हो म्हणून झालं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्याला निदान आपलं तोंड दुसऱ्यानं दाबलंय एवढं समाधान असतं.

गुलाबराव शांत झाले, फोन घेऊन गेले आणि बाजार समितीत पोचेपर्यंत चार जणांना सांगून मोकळे झाले: "म्हातारा आंधळा झाला, स्वतःच कबूल केलं."

पुढं काय व्हायचं ते झालं. फोन द्यायला आलेला माणूस आधी विचारायचा, "उघडणार कोण?" अविनाश म्हणायचा, मीच. पार्टिशनमागे दिवा जळत राहायचा आणि टेबल रिकामं. तिसऱ्या आठवड्यात अविनाशनं त्याला चहा पाजला. आता तो पुन्हा काका म्हणत होता.

"काका, लोक आयकून नाही राह्यले. मी काय करू? तुम्हीच कबूल केलं ना सहा जणायसमोर. उद्यापासून नका येऊ आता."

अन्नपूर्णेला त्यानं सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मंग हाव म्हणाले तवा जीभ कोणाची होती?" उंद्रीहून तिच्या बहिणीचा फोन आला, भाऊजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी आहे म्हणून. बातमी तिथपर्यंत गेली होती.

आठ दिवसांनी तो बुलढाणा रोडवरच्या सागरच्या मोबाईलच्या दुकानात काम मागायला गेला. सागर भला मुलगा, त्याच्याकडं काम खूप आणि हात कमी. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि संकोचानं म्हणाला, "काका, तुमच्या हाताचं नाव लय आयकलं. पण त्या गुलाबरावच्या फोनचं..."

इंद्रभाननं ह्या वेळी ठरवूनच ठेवलं होतं. त्यानं चकतीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. सागरच्याच टेबलावर एक फोन घेतला, कव्हरात खिशातली चकती ठेवून करून दाखवलं. टिंग, बंद. टिंग, बंद. चकती काढली, चार्जिंग सलग सुरू. सागर मन लावून पाहत होता. त्याला पटलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि इंद्रभानला महिन्याभरात पहिल्यांदा हलकं वाटलं.

"म्हणजे तुमची चूक नव्हतीच," सागर म्हणाला.

"नव्हती ना बाबा."

"अन् तरी तुम्ही हाव म्हणाले. गिऱ्हाइकाच्या तोंडावर." सागरनं फोन उचलून बाजूला ठेवला. त्याचा आवाज नरमच होता. "हात चुकते ते मी समजू शकतो काका. पण मालकानं सांगतलं म्हणून गिऱ्हाइकाले खोटं सांगणारा कारागीर मी दुकानात कसा ठेवू?"