उजवा खुबा

मास्तरांचा उजवा खुबा सिस्टरच्या डोक्यातून जाता जात नव्हता. सकाळी लेकीच्या डब्यात भाजी भरताना खुबा, जिना उतरताना खुबा, बसमध्ये पुढच्या माणसाच्या टकलाकडे बघताना खुबा. लेक म्हणालीही, "आई, माझा ताप उतरला, हे तुला दिसलं तरी का? की मलाही खुबा दाखवायला लागेल?"

सिस्टर घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत चौदा वर्षं होती. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. मापं घेता घेता स्टुलावरून पडले, मणक्याला मार बसला आणि कमरेखालची हालचाल गेली. नुसती हालचाल नव्हे, जाणीवही. त्यामुळे कुठे दाबलं, टोचलं, सोललं, तरी त्यांना पत्ता लागणार नव्हता. म्हणून तर गुरुवारी उजव्या खुब्यावर लालसर डाग दिसल्याबरोबर सिस्टरने त्यांच्याच पलंगाच्या कडेला बसून केअर प्लॅन लिहिला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. लाल जागी तेल चोळायचं नाही. तक्त्यात प्रत्येक वेळच्या चौकटीत बरोबरची खूण. ध्येय: तीन दिवसांत डाग नाहीसा, कातडी शाबूत. आढावा: रविवार, दुपारी.

घोळ इथेच झाला. रविवारी लेक तापाने फणफणली. सिस्टर गेली नाही. तिने काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, फोन केला. "सगळ्या खुणा झाल्यात हो," काकू म्हणाल्या, "एकही चौकट रिकामी नाही." तिकडून ऑफिसातल्या मोठ्या सिस्टर आढाव्याच्या फॉर्मसाठी मागे लागलेल्या. तेव्हा सिस्टरने डाग न बघताच लिहून पाठवलं, 'ध्येय साध्य'. त्या दोन शब्दांच्या जोरावर मोठ्या सिस्टरनी मास्तरांच्या अंगाखालची, कातडीवरचा दाब कमी करणारी हवेची गादी दुसऱ्या पेशंटला देऊन टाकली. संस्थेकडे तशी एकच गादी होती आणि आज, सोमवारी, पाच वाजता गाडी ती न्यायला येणार होती.

'गेला असेलच डाग,' सिस्टर बसमधून उतरताना स्वतःला म्हणाली. असं म्हणायची ही तिची अकरावी वेळ होती.

दुकान पुढे, घर मागे आणि मास्तर मध्ये. पलंग असा होता की उजव्या कुशीवर झोपलं की दुकानाचं दार समोर, डाव्या कुशीवर झोपलं की भिंत. सिस्टर शिरली तेव्हा मास्तर उजव्या कुशीवरून एका गिऱ्हाइकाला झापत होते.

"कंबर चौतीस सांगता? तुमच्या शर्टाची बटणं काय सांगतायत ते ऐका जरा!"

गिऱ्हाईक पोट आत ओढून निघून गेलं. सिस्टरने आधी तक्ता बघितला. वा! चार दिवसांच्या खुणा, सगळ्या एका मापाच्या, जशी हातशिलाईच. सकाळी आठ, खूण. दहा, खूण. बारा, दोन, चार...

सिस्टरने घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं.

"काकू, चार वाजायला अजून चाळीस मिनिटं आहेत."

"हो ना."

"मग चारची खूण?"

"ती मी जेवणानंतरच करून टाकते," काकू म्हणाल्या. "सहाचीसुद्धा. नंतर कामाच्या गडबडीत राहून जाते हो."

सिस्टरने दुकानातल्या कारागिराला हाक मारली. तिघांनी आडवी चादर धरून मास्तरांना न घासता उचललं आणि डाव्या कुशीला वळवलं. खुबा उघडा केला. डाग तिथेच होता, रुपयाएवढ्याचा आता बशीएवढा झालेला. तिने बोट दाबलं, मनात तीन मोजले, उचललं. गुरुवारी बोट उचललं की जागा क्षणभर पांढरी पडायची. आज पडली नाही. तशीच लाल, शेजारच्या कातडीपेक्षा गरम.

"काय म्हणतंय कापड?" मास्तरांनी भिंतीला विचारलं.

"विरायला लागलंय, मास्तर. अजून फाटलं नाही. पण फाटलं तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग, नाहीतर हॉस्पिटल. दुकान बंद. खरं सांगा, डाव्या कुशीवर किती वेळ असता?"

बोलला तो कारागीरच. "रात्री यांचा मुलगा वळवतो तेवढाच. दिवसा गिऱ्हाईक आलं की आम्ही त्यांना परत दाराकडे करतो."

"अहो, गिऱ्हाइकाकडे पाठ करून बोलू?" मास्तर उसळले. "चाळीस वर्षांत केलं नाही! आणि ही भिंत. तिच्याशी काय बोलणार? तिला ना कंबर, ना खांदा!"

"मीच म्हटलं, बिचाऱ्यांचं मन रमतंय," काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या. "खूण मात्र कधी चुकवली नाही हं."

सिस्टरला रागवायचं होतं. पण गुरुवारी आपण याच पलंगाच्या कडेला बसून उशा मोजल्या, टाचा मोजल्या आणि हा माणूस दिवसभर कुठे बघतो एवढं विचारलं नाही, हे तिला आठवलं. तिची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या पुरुषभर उंचीच्या आरशावर थांबली. कपडे घालून बघायचा आरसा.

"तो इकडे आणा."

कारागिराने आरसा भिंतीला टेकवला, जरा कलता केला, खाली विटेचा तुकडा लावला.

"अजून डावीकडे," मास्तर म्हणाले. "अजून. अरे, मला माझं थोबाड नकोय, दार पाहिजे! हां!" आरशात दुकानाचं दार आलं आणि दारात तेच चौतीस कंबरेचं गिऱ्हाईक, पिशवी विसरलं म्हणून परत आलेलं.

"छत्तीस!" मास्तर आरशाकडे बघून गरजले. "मागूनही दिसतंय आता!"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. सिस्टरने नवा कागद घेतला. उजवी कूस पूर्ण बंद, डाग जाईपर्यंत. डावीकडे तिरकं आणि पाठीवर, आलटूनपालटून, दोन-दोन तास. प्रत्येक वेळी खुब्यावर नजर टाकायची. फोड आला किंवा कातडी सुटली तर लगेच फोन. ध्येय: उद्यापर्यंत डाग वाढू नये, तीन दिवसांत बोट दाबल्यावर पांढरा पडावा. आढावा: उद्या दुपारी तीन, स्वतः येऊन. आणि खाली, ठळक: खूण कूस बदलल्यावर, त्याआधी नाही.

"एवढं ठळक कशाला?" काकू जरा खट्टू झाल्या. "मी काय मुद्दाम केलं? होणारच आहे म्हणून आधी लिहिलं, इतकंच."

सिस्टरचं पेन थांबलं. होणारच आहे म्हणून आधी लिहिलं. रविवारी लेकीच्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता दुसऱ्या हाताने तिनेही तेच केलं होतं, आणि तिची खूण काकूंच्या खुणेपेक्षा महाग होती: तिच्यापायी पाचला गादी जाणार होती.

घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. मोठ्या सिस्टर काय म्हणतील ते तिला पाठ होतं. चौदा वर्षांत असं? न बघता? आधी मौन, मग सुस्कारा, मग पुढच्या मीटिंगमध्ये नाव न घेता सगळ्यांना दिलेलं व्याख्यान, ज्यात सगळे तिच्याकडेच बघणार.

"सिस्टर, चहा टाकू?" काकूंनी विचारलं.

"टाका. पण आधी एक फोन करते," सिस्टर म्हणाली आणि पर्समध्ये मोबाइल शोधू लागली. "आणि काकू, ती चारची खूण आधी खोडा. मलाही एक खोडायची आहे."