एक बैल, एक माणूस

मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघाने ओढून नेलं, त्या दिवशी माझ्या पाठीत काठी बसली. मारणारा तिचा दीर होता. वाघाच्या हल्ल्यात घरचं माणूस किंवा जनावर गेलेल्यांना भरपाईचे कागद करून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी चंद्रपूरला काम करत होते. सरकारशी माझा काही संबंध नव्हता. पण चिडलेल्या जमावाला जीपमधून उतरणारं कोणीही सरकारच वाटतं. त्यांनी जीप उलटी केली, वनरक्षकाला झाडाला बांधलं. बाईचं जे सापडलं ते लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं, आणि पंचनाम्यासाठी ते गाठोडं उघडायचं म्हटलं की पुन्हा काठ्या उठत होत्या.

पाठीवर वळ घेऊन मी परत आले, तर ऑफिसात आमचे टीम लीड, भाऊ, केसवाटपाची शीट दाखवत बसले होते. आम्ही तिघं फिरतीवर. गेल्या तीन महिन्यांत तिघांना दहा-दहा केस. समान वाटप झालं म्हणून भाऊ खूश होते. आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांची ती शीट लॅपटॉपसकट खिडकीबाहेर फेकावी असं मला वाटलं.

कारण त्या शीटमध्ये एक बैल म्हणजे एक केस आणि एक माणूस म्हणजेही एकच केस. हे मी दोनदा तोंडी सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि पुढचा मृत्यू माझ्याच नावावर टाकला. म्हणून त्या संध्याकाळी, पाठ खुर्चीला टेकवता येत नव्हती तरी, मी ईमेल लिहिला. पहिल्या मसुद्यात शिव्या होत्या. त्या सगळ्या काढल्या आणि हे उरलं:

'भाऊ, तिघांच्या केस दहा-दहा आहेत, हे खरं. पण माझ्या दहात माणसांचे मृत्यू सहा, गुरं चार. बाकी दोघांकडे मृत्यू एकेक, गुरं नऊ-नऊ. गुरांच्या केसला एक फेरी पुरते. मृत्यूच्या केसला गाव, दवाखाना, तहसील, बँक धरून पाच फेऱ्या झाल्या. म्हणजे माझ्या फेऱ्या चौतीस, त्यांच्या चौदा-चौदा. मारहाण मोजलेली नाही. मृत्यू आणि गुरं वेगळी मोजून दोन्ही पाळीपाळीने वाटावीत, ही विनंती. असंच चाललं तर मला हे काम सोडावं लागेल.'

शेवटचं वाक्य धमकी नव्हती. घरी कोणी भांडं आपटलं तरी माझे हात डोक्यावर जायचे. काम मला आवडत होतं, आणि तेच हातचं जाणार होतं.

सकाळी भाऊंनी समोर बसवलं. एवढं लिहायची काय गरज होती, असं म्हणाले. मग खरं कारण सांगितलं. "तुले तिकडची बोली येते. लोकं तुयं ऐकतात, म्हणून तुले पाठवतो."

"ऐकत नाई, भाऊ," मी म्हटलं. "मले मारतात. बोली येते म्हणून शिव्या तेवढ्या समजतात."

भाऊ हसले नाहीत. त्यांनी आकडे पुन्हा लावून पाहिले, बोटाने, आणि म्हणाले, "पुढच्या मृत्यूले मी सोता जातो."

तो चामोर्शीकडे झाला. धानाच्या बांधीत, भातखाचरातच, वाघाने एका म्हाताऱ्याला मारलं. गावाने रस्त्यावर झाड आडवं टाकलं होतं. भाऊ समजावायला खाली उतरले आणि पहिला दगड त्यांच्या भुवईवर बसला. दुसऱ्याने काच गेली. एकाने गचांडी धरून त्यांना म्हाताऱ्याच्या प्रेताजवळ नेलं, खाली वाकवून वाघाने फाडलेली मानगूट बघायला लावली. ते ऑफिसात आले तेव्हा भुवईला टाके होते आणि शर्टावरचं रक्त सगळं त्यांचं नव्हतं.

त्यांनी टेबलाशी बसून माझ्या ईमेलला उत्तर लिहिलं, तिघांनाही पाठवलं. 'शीटमध्ये मृत्यूचा रकाना वेगळा केला आहे, पाळी लावली आहे, पाळीत माझंही नाव आहे.' खाली एक ओळ होती: 'फेऱ्या मी मोजायला हव्या होत्या.'

पुढचा फोन भरदुपारी आला. मी नुकताच डबा उघडला होता. कुरखेड्याकडे एक माणूस गेला, असं ऐकताच मी उठून गाडीची किल्ली उचलली. भाऊंनी माझ्या हातातून ती घेतली आणि पलीकडच्या सहकाऱ्याला दिली. त्याची पाळी होती. त्याचा चेहरा उतरला. तो निघून गेला.

कुठल्या तरी अंगणात एक बाई आत्ता छाती पिटत असणार, हे मला माहीत होतं. आणि मला बरं वाटत होतं, अगदी सरळ बरं. मी परत बसले आणि डब्यातली भाजी-पोळी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.