नऊ नंबरचं उत्तर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सरांना नाही, लग्न ठरल्यावर ज्याला सगळं सांगायचं असं ठरवलं होतं त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मोबाइल नुकते शेतात पोचले होते तेव्हाची गोष्ट. मी आळेफाट्याला नोकरीला होते — एका गॅरेजच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस, शेतकऱ्यांना एसएमएसवर पीकसल्ला द्यायचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. समोर माणूस आला की माझं मराठी अडायचं, आणि ते अडलं की लोक हसायचे. "मॅडम, इंग्लिशमधी बोला, आमाला चालतंय!" म्हणून मला स्क्रीनसमोरचं काम हवं होतं. तिथे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

काम कसं चालायचं ते सांगते, कारण माझी चूक तिथेच आहे. सिमकार्ड घातलेली एक छोटी पेटी कॉम्प्युटरला जोडलेली होती. मेसेज आला की प्रोग्राम पहिला शब्द बघायचा. पिकाचं नाव असलं तर त्या आठवड्याचा सल्ला आपोआप जायचा, औषधाचं नाव असलं तर फवारणीच्या पंपाला किती मिली ते जायचं. आणि यातलं काहीच नसलं — नुसतं "नमस्कार", नुसतं "हॅलो" — तर प्रोग्राम गप्प बसायचा. तो मेसेज "इतर" नावाच्या कप्प्यात लाल होऊन पडायचा. माणसासाठी. म्हणजे माझ्यासाठी.

ऑफिस सरांचं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नमस्काराला नमस्कार करायचा. कुणी विचारलं, खरं माणूस वाचतंय का, तर आधी "हो" म्हणायचं. आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगायचं, मग विचारायचं, काय अडलंय? "नमस्कार करून थांबलेला माणूस दारात उभा असतो," ते म्हणायचे. "त्याला आधी आत घ्यायचं."

मी तसंच करायचे — पहिले दोन महिने. मग एकाने विचारलं, माणूस आहे का? मी हो म्हटलं. बाई का माणूस? मी उत्तर दिलं नाही. नाव काय, लग्न झालंय का, फाट्यावर कुठे बसता... तेरा मेसेज. पुढच्या आठवड्यात आणखी एकाचं तेच. मी सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, लाज वाटली. त्याऐवजी मी काय केलं? तयार उत्तरांच्या यादीत आठ उत्तरं होती. मी गुपचूप नववं घातलं: "ही यंत्रणा आपोआप उत्तर देते. येथे माणूस उपलब्ध नाही. कृपया पिकाचे नाव पाठवा."

किती सोपं झालं सगळं! नमस्कार — नऊ. कुणी आहे का — नऊ. मी खुर्चीत बसलेली, आणि तरी नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लाल ओळ आली. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा सगळे तसंच लिहायचे. "नमस्कार. कोणी माणूस वाचतंय का?"

त्याच्या वरच, त्याच नंबरवरून आलेला आधीचा मेसेज दिसत होता. एका कीटकनाशकाचं नाव, बाटलीवरून एकेक अक्षर उतरवल्यासारखं. प्रोग्रामने त्याला पंपाचं प्रमाण पाठवलं होतं. प्रमाण मिळाल्यावरही कुणी माणूस का शोधतंय — हा प्रश्न मला पडायला हवा होता, नाही का? मी बघितलं होतं. मी सगळं बघते, तो माझा स्वभाव आहे. तरी मी नऊ दाबलं.

एका मिनिटाने उत्तर आलं. "बरं."

एवढंच. मशीनला कुणी "बरं" म्हणतं का? मी त्या शब्दाकडे बघत बसले. खालून गॅरेजमधली ठोकाठोक ऐकू येत होती. परत लिहिता आलं असतं. मग मी खोटं बोलले हे कळलं असतं. मी ओळ बंद केली आणि चहा प्यायला गेले.

तीन-साडेतीन महिन्यांनी एक बाई जिना चढून वर आली. पिंपळवंडीची, तिशीची असेल, हातात नवऱ्याचा मोबाइल रुमालात गुंडाळलेला. सर टेबलाशी होते, मी स्क्रीनमागे.

"मेसेज बंद करायचं व्हतं, साहेब. आमी आता टमाटं करीत नाय."

"का हो वहिनी, सल्ला चुकला का?"

"नाय ओ. सल्ला चांगलाच व्हता." ती हसली. "मालक दवाखान्यात, नळ्या घातलेल्या, आन् मोबाइल आपला सांगतोय, आज फवारणी करा."

मग तिने सांगितलं. पहाटे फवारणी करून तो घरी आला तो घामाने निथळत. उलट्या, तोंडातून लाळ. सासू म्हणाली, ऊन लागलंय, कांदा हुंगवा. हिला ते पटेना. बाटली इंग्रजी, अक्षरं कळली तरी अर्थ लागेना. बाटलीवरचं नाव मोबाइलवर पाठवलं, तर पंपाचं माप आलं. "म्हणून म्या इचारलं, माणूस हाय का. मशीन म्हनलं, नाय. मंग म्या म्हनलं, बरं." सासू म्हणतेय तेच खरं असेल, असं समजून ती तीन वाजेपर्यंत त्याच्या उशाशी बसली. त्याच भिजलेल्या कपड्यांत तो पडून होता, औषध अंगात मुरत होतं. मग तोंडाला फेस. नारायणगाव, तिथून पुणे. जगला. पण डॉक्टर म्हणाले, सकाळीच कपडे उतरवून साबणाने अंग धुतलं असतं, लगेच आणलं असतं, तर इतकं झालं नसतं. आता तो भिंतीला धरून चालतो.

कपडे काढा, अंग धुवा, बाटली घेऊन दवाखाना गाठा — हा आमचा चार नंबरचा तयार मेसेज होता. माझ्या बोटाखाली. त्याच यादीत, नऊच्या पाच ओळी वर.

सर उभेच राहिले. "अहो, पण आमच्याकडे माणूस असतं! ह्या मॅडम बसतात की."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी रजेवर होते, सर."

हे सांगताना अडलं नाही माझं मराठी. एकदाही नाही.

बाईने मान हलवली. "आसंल. मशीनचा काय दोष, त्याला का जीव हाय? तुमी आसता तर बरं झालं आसतं बघा." आणि जाताना माझ्या टेबलावर वाटाणे भरलेली पिशवी ठेवली. आता वाटाणा लावलाय, म्हणाली.

सरांनी हजेरीबुक उघडलं नाही. मी त्यांच्या आधी घरी निघत असे, त्या दिवशी मागे थांबले. "इतर" कप्प्यातली ती ओळ पुसली, नववं उत्तर काढलं. पुसण्याआधी एकदा नीट पाहिलं. तिचा प्रश्न, आणि समोर उत्तर पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझ्या नावाचं पहिलं अक्षर. प्रोग्रामने त्या प्रश्नाला काहीच उत्तर दिलेलं नव्हतं. तो नियमाप्रमाणे माणसासाठी थांबला होता.

कोणी माणूस वाचतंय का, एवढंच तिने विचारलं होतं.

हो. मी वाचत होते.