अक्कांच्या घरचा ग्लास

आमच्या प्रयोगशाळेत, देवनहळ्ळीच्या रस्त्यावर, पाणी घट्ट करायची पावडर तपासतात. पक्षाघातानंतर ज्यांना साधं पाणी गिळता येत नाही, त्यांच्यासाठी. मी पुण्याहून आलेली, तोंडाने फटकळ. आणि माझ्या वरिष्ठ अक्का चिकपेटच्या मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. ‘स्वल्प थांब ग, पुणेकर,’ असं कानडी वळणाने म्हणून मला रोज गप्प करायच्या.

त्यांच्या यजमानांना पक्षाघात झाला होता. जुन्या पावडरचं पाणी ते चिकट म्हणून थुंकायचे. अक्कांनी नव्या बॅचची थोडी पावडर घरी नेली आणि ते अख्खा ग्लास प्यायले, स्वतः धरून. हे अक्कांनी मला दोनदा सांगितलं. मध्येमध्ये ठसका लागतो, पण ठसका कुणाला लागत नाही, असंही म्हणाल्या. मला ते खटकलं.

ही बॅच पास करायची होती. नेहमी आम्ही यंत्रात पाणी फिरवून एकाच वेगाला दाटपणा बघतो, पन्नासला. तिथे दोन्ही बॅचेस सारख्याच. पण अक्कांची शिस्त अशी की सगळ्या वेगांचे आकडे घ्यायचे, वेग आणि ताण, म्हणजे पाणी किती अडवतं ते, दोन्हींचे लॉग काढून आलेख मांडायचा आणि रेषा बसवायची. रेषेचा चढ म्हणजे घातांक, तो जितका कमी तितकं पाणी वेगात पातळ होतं; वेग एक असताना जो ताण मिळतो, तो घट्टपणाचा आकडा.

जुन्याचा घातांक होता पॉइंट पाच. नव्याचा पॉइंट तीन आला, आणि घट्टपणाचा आकडा दुपटीहून जास्त. म्हणजे ग्लासात हे पाणी जुन्यापेक्षा दाट दिसणार. घशात, जिथे वेग खूप वाढतो, तिथे जुन्यापेक्षा पातळ होणार. म्हणूनच ते सहज उतरत होतं. आणि म्हणूनच थोडं श्वासनलिकेत जात असणार; ठसका त्याचाच.

अक्कांनी मला पुन्हा मोजायला लावलं. बुडबुडे राहिले असतील, पाणी गरम झालं असेल, वरच्या वेगांना प्रवाह बिघडला असेल. मी देवाला मानत नाही, तरी त्या दिवशी मनात हात जोडले होते. बुडबुडे निघून जाऊ दिले, तापमान स्थिर केलं, नवा नमुना घेतला. बिंदू रेषेवरून तसूभर हलले नाहीत. इतकी सरळ रेषा एरवी मिळत नाही. तिचा मला संताप आला.

अक्कांनी दोन्ही रेषा पडद्यावर एकत्र लावून पाहिल्या. मग बॅच नापास केली. तसं लिहायला मला नाही सांगितलं, स्वतः लिहिलं. घरची उरलेली पावडर आजच टाकते, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी विचारलं, काका पाणी प्यायले का.

“जुनं दिलं. दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं,” अक्का म्हणाल्या. “मला म्हणाले, तुलासुद्धा मी नीट प्यावं असं वाटत नाही का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“ग्लास परत पुढे केला. त्या दोन घोटांना ठसका लागला नव्हता ग.”