खाटेचा नंबर

लेकीची ऑनलाइन प्रवेश परीक्षा दुपारी बारा वाजता होती. ती मोबाइलवर देता येत नाही, लॅपटॉपच लागतो. आदल्या संध्याकाळी ती गारगोटीच्या हॉस्टेलातून बावड्याला घरी आली आणि सकाळी लॅपटॉप उघडला, तर एकही पान उघडेना. वायफाय जोडलेलं दिसत होतं, पण इंटरनेट नाही. आमच्या सगळ्यांच्या फोनवर तेच वायफाय मस्त चालत होतं.

मग सुरू झाली चौकशी. नेटवाल्याला बोलावलं. त्यानं स्वतःचा फोन लावून बघितला आणि निकाल दिला, "आमची लाइन चालू हाय. लॅपटॉपच बिघडलाय." दीर आले आणि त्यांनी फोनचा हॉटस्पॉट दिला. त्यावरही काही उघडेना, तेव्हा ते छाती फुगवून म्हणाले, "बघा वहिनी, म्हणलं न्हवतं? पोरीनं कायतरी भलतंच डाउनलोड केलंय." नवरा म्हणाला, "हॉस्टेलात मोकळीक दिली की हेच हुतंय." दोघेही लॅपटॉप दुकानात नेऊन फॉरमॅट करायच्या गोष्टी बोलू लागले. लेक मान खाली घालून बसलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिला आत नेऊन विचारलं, "शेवटचं नेट कुठं चाललं?"

"हॉस्टेलात."

"तिथं ह्याला कुणी हात लावलता?"

"ऑफिसात. नेटसाठी लॅपटॉपला आकड्यांचा पत्ता लागतोय न्हवं, खाटेचा जो नंबर, तोच त्या पत्त्यात शेवटी घालून देत्यात. कोण काय बघतंय ते कळावं म्हणून."

मी रेक्टरबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते पत्त्याचं सेटिंग मॅन्युअल असतंय, हातानं भरलेलं. घरी गेल्यावर ऑटोमॅटिक करायचं की."

"मग पोरींना सांगत का न्हाय तुम्ही?"

"कुणी विचारलंच न्हाय."

मी फोन ठेवला. आम्ही दोघींनी मिळून सेटिंग उघडली. आमचा राउटर जोडणाऱ्या प्रत्येकाला आपणहून पत्ता देतो, हॉटस्पॉटही देतो, पण हा लॅपटॉप तो मागतच नव्हता. हॉस्टेलचा पत्ता धरून बसला होता आणि बाहेर पडायला हॉस्टेलचाच राउटर शोधत होता, जो आमच्या घरात असणार कुठून? मॅन्युअलचं ऑटोमॅटिक केलं, सेव्ह केलं. परीक्षेचं पान उघडलं.

हॉलमधून दीर म्हणाले, "चला, झालं की सुरू. च्या टाका वहिनी." नवऱ्यानं मान डोलावली. सकाळभर पोरीवर खापर फोडणाऱ्या या दोघांपैकी एकालाही तिला एक शब्द बोलावासा वाटला नाही. मी चहा टाकला नाही.

परीक्षा देऊन ती बाहेर आली. पेपर कसा गेला म्हणून मी विचारणार, तेवढ्यात तिनंच हळूच विचारलं, "आई, माझ्या हातनं कायच चुकलं न्हवतं न्हवं?"

"न्हाय," मी म्हणाले. हॉलमध्ये बसलेल्या दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.