घागरीसकट नमस्कार

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि मला तिथल्या कचेरीत कारकुनी मिळाली. आता नोकरी लागली म्हणजे लग्न करायला पाहिजे, असं नांदेडला आमच्या काकांनी जाहीर केलं, आणि लातूरच्याच एका आडत दुकानदाराची मुलगी सुचवली. फोटोत मुलगी हसत होती. तेवढ्यावरच मी घायाळ झालो. आमच्या घराण्यात फोटोत हसलेली ती पहिलीच.

अडचण होती तिच्या वडिलांची. त्यांनी आधी दोन मुलं नापास केली होती, आणि दोन्ही नमस्कारावरून! पहिल्यानं दारातूनच हात पुढं करून शेकहँड मागितला. दुसरा पाया पडायला निघाला आणि गुडघ्यापाशीच हात लावून परत सरळ झाला. “कंबर वाकत न्हाई त्याची. पुढं संसारात कुठं वाकायचा?” असं म्हणून त्यांनी चहाच्या आधीच बोलणं संपवलं होतं म्हणे.

हे ऐकल्यावर काकांनी माझी शिकवणी लावली. एका सुट्टीत मी नांदेडला गेलो, तर बैठकीत ते स्वतः मुलीचा बाप होऊन लोडाला टेकून बसलेले आणि काकू परीक्षक.

“ये आत,” काका म्हणाले. मी आत गेलो आणि हात जोडले.

“हे काय, डास मारून राहिलास का? तळवे नीट जुळव. बरोबरीच्या माणसाला छातीपाशी, मोठ्याला थोडे वर, मान खाली. आणि तोंडानं काय?”

“नमस्कार.”

“ते कचेरीत! आपल्या लिंगायत लोकांत शरणार्थ म्हणायचं. समोरचाही शरणार्थ म्हणतो. मगच बसायचं.”

मग एकेक नियम निघत गेला. साहेबानं आधी हात पुढं केला तरच शेकहँड, आपण होऊन नाही, आणि हात हातात ठेवून हलवत बसायचं नाही. बाईमाणसाला लांबूनच हात जोडायचे. आदाब करणाऱ्याला आपणही कपाळापाशी हात नेऊन आदाब करायचा. ईदला गळाभेट घेताना घाई करायची नाही, तिन्ही वेळा बाजू बदलायची. नाहीतर नाकावर नाक आपटतं. हा काकांच्या नाकाचा स्वतःचा अनुभव होता. दुखवट्याच्या घरी काहीच करायचं नाही. ना रामराम, ना हात जोडणं. गुपचूप जाऊन बसायचं आणि उठतानाही ‘येतो’ म्हणायचं नाही.

“आणि मुलीच्या बापाच्या पाया पडायचं का?” मी विचारलं.

इथं काका-काकूंचं भांडण लागलं. काका म्हणाले, सोयरीक जमायच्या आधी नाही. आधीच पडलास तर गरजू दिसशील. काकू म्हणाल्या, “गरजू तर हायच की तो.” शेवटी असं ठरलं, की हात जोडून कमरेतून चांगलं खोल वाकायचं. पायापर्यंत जायचं नाही आणि ताठही राहायचं नाही. हे वाकणं काकांनी माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलं, की परतताना वाटेत एका स्टेशनात गाडी थांबली, तर खिडकीतून चहा देणाऱ्यालाही मी वाकून शरणार्थ म्हणालो. त्यानं चहा जरा जपूनच दिला.

त्या साली पाऊस नव्हता. लातुरात टँकर आला, की माणसं ओळखपाळख विसरत. एरवी दिसल्याबरोबर जेवलात का विचारणारा शेजारीही रांगेत नळीशिवाय दुसरीकडं बघत नसे. हातात भांडी आणि डोळ्यांत पाणी, म्हणजे टँकरचं. तिथं कुणी कुणाला नमस्कार करत नव्हतं आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. फार तर हनुवटी हलवायची.

मी ज्यांच्याकडं भाड्यानं राहत होतो त्या मावशींनी पाणी भरायचं काम माझ्याकडं दिलं होतं. “साहेब झालास म्हणून काय झालं? खांदा हाय ना तुला?” असा त्यांचा हिशोब. त्या दिवशी मी टँकरवरून परत येत होतो. उजव्या खांद्यावर काठोकाठ भरलेली घागर, डाव्या हातात बादली, अंगात बनियन आणि लुंगी. मावशींच्या ओट्यापाशी पोचतो तर तिथं पांढऱ्याशुभ्र धोतरातले, कपाळाला विभूती लावलेले एक गृहस्थ उभे. मावशी त्यांच्यामागून मला डोळ्यांनी खुणावून राहिलेल्या. गृहस्थांनी मला नीट न्याहाळलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “शरणार्थ.”

मुलीचे वडील! न कळवताच स्थळ बघायला आलेले.

आता हात जोडायचे तर दोन्ही अडकलेले. बादली ठेवावी तर मागून येणाऱ्या बायकांचा भरवसा नाही. हनुवटी हलवावी तर हा मनुष्य तेवढ्यावरून तिसरं स्थळ मोडणार. डोकं हा सगळा विचार करत होतं, पण कंबर काकांच्या तालमीतली. ती वाकली, आणि चांगली खोल वाकली.

“शरणार्थ,” मी म्हणालो, आणि खांद्यावरची घागर त्यांच्या पायावर रिकामी झाली.

धोतर गुडघ्यापर्यंत चिंब, वहाणांतून बुडबुडे. मागून बायकांचा एकच कालवा उठला. धोतराबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. “अगं बाई, सगळी घागर ओतली की मेल्यानं!”

मावशी सगळ्यांत आधी भानावर आल्या. “सावकार, तिथं उभं राहू नका. इकडं या, बेलाच्या झाडाशी. तिथं पिळा धोतर, झाडाला तरी लागू द्या.”

आणि तो करारी माणूस खरोखर बेलाच्या बुंध्याशी जाऊन धोतराचा सोगा पिळू लागला. मी रिकामी घागर खांद्यावर घेऊन तसाच उभा. शिकवणीत इथपर्यंत आलंच नव्हतं.

“घागर खाली ठेवता येत नव्हती का?” त्यांनी मागं न बघता विचारलं.

“येत होती. पण मग तुम्हाला थांबावं लागलं असतं.”

ते ओट्यावर येऊन बसले आणि पायांकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, फोटोही परत मागणार.

“मावशी,” ते म्हणाले, “हे लई उलटं झालं. लग्नात मुलीच्या बापानं जावयाचे पाय धुवायचे. इथं जावयानंच माझे धुतले. असं ठेवून पुढं बोलता येत न्हाई. एक तांब्या पाणी द्या.”

“पिण्याचं हाय,” मावशी म्हणाल्या.

“अर्धाच द्या.”

त्यांनी मला ओट्यावर बसवलं, स्वतः खाली वाकले, अगदी कमरेतून, आणि माझ्या चिखललेल्या पायांवर धार धरली. मी पाय ओढून घेऊ लागलो. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या पायाशी बसायचं म्हणजे काय! “अहो, कशाला, राहू द्या,” असं मी म्हणत होतो आणि हात जोडू, त्यांना उठवू की त्यांच्याच पाया पडू, हे ठरत नव्हतं.

“गप बस की येड्या,” मावशी ओरडल्या. “जावई म्हणाले ते. कानात बोळे हायत का?”

तेव्हा कुठं मला उमगलं.

“माझ्याकडून हाव, मुलगा पसंत,” ते हात पुसत म्हणाले. “पण पोरीनं अजून तुम्हाला बघायचंय. रविवारी या.”

रविवारी काका-काकूंसह गेलो. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि मी उठून हात जोडले. तिचे दोन्ही हात गुंतलेले. तिनं मान जराशी लववली. मी उत्तर म्हणून आणखी वाकायला लागलो, तशी ती झटकन मागं सरकली.

“तुम्ही वाकू नका,” ती म्हणाली. “यावेळी भरलेलं माझ्या हातात हाय.”

काकांनी डोळे मिटून घेतले. ती हसत होती, फोटोतल्यापेक्षा बरीच जास्त.