तीस टक्क्यांचं अत्तर

रविवार पेठेतल्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला त्यांनी काहीही विकलं नाही. काउंटरमागे बसलेल्या वृद्ध मालकांनी माझ्या मनगटावर अत्तराची काडी टेकवली आणि म्हणाले, "आता जा. फिरा, चहा घ्या, घरी जाऊन झोपा. उद्या सकाळी उठल्यावरही आवडलं, तर या."

"अहो, मी गिऱ्हाईक नाही. तुमच्या मुलानं बोलावलंय. कामासाठी."

"मग तर नक्की उद्याच या."

मी जन्मापासून पुण्यात राहते, तरी हुज्जत न घालता घरी गेले. दुसऱ्या दिवशी गेले. मनगटाला अजून वास येत होता.

माझं काम असं की, महाग वस्तू महाग ठेवून जास्त लोकांपर्यंत कशी न्यायची, हे मी दुकानदारांना सांगते. वीस वर्षं हेच करते आहे. मुलांना कॉलेजात व्याख्यानं देते, त्यात एक वाक्य हमखास असतं: सूट दिली की माल जातो आणि मोह संपतो. मुलं लिहून घेतात. ते वाक्य आठवलं की आता मला स्वतःचा राग येतो.

त्या घराला पुण्यात अत्तर विकत चार पिढ्या झाल्या होत्या. वडिलांना सगळे अब्बा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं एक खास अत्तर होतं. घरात त्याला नुसतं 'मोठं' म्हणत. खस, केवडा आणि गरम मसाल्याचे बरेच जिन्नस चंदनाच्या तेलात उतरवून ते उत्तरेतला एक जुना कारागीर दर हिवाळ्यात यांच्यासाठी गाळून द्यायचा. मग ते इथे मागच्या खोलीत दोन वर्षं मुरायचं. किंमत ऐकून माणूस एकदा काउंटर धरायचा. आणि पहिल्या भेटीत ते कुणालाही मिळत नसे. अब्बांचा तो नियम होता, आणि त्यांच्या वडिलांचाही.

मुलगा चाळिशीचा, हुशार, घाईचा. त्यानं हडपसरच्या मॉलमध्ये एक काउंटर घेतलं होतं आणि त्याचं भाडं त्याला झोपू देत नव्हतं. "मॅडम, अब्बांच्या पद्धतीनं दिवसाला चार बाटल्या जातात," तो मला म्हणाला. "मला पोहोचायचंय लोकांपर्यंत. पण 'मोठं' स्वस्त झालं तर अब्बा मला घराबाहेर काढतील. आणि कारागीर आता दुसऱ्या कुणासाठी गाळत नाही. आम्ही थांबलो की तो भट्टी मोडणार. 'मोठं' गेलं की आमच्याकडे बाकी राहतं ते कुठल्याही दुकानात मिळतं."

म्हणजे प्रश्न एवढाच होता: 'मोठं' हवंहवंसं राहिलं पाहिजे. बाकी सगळं त्यावर उभं होतं.

मी जी योजना आखली ती चांगली होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. 'मोठ्या'ला हात लावायचा नाही. बाटल्या मोजक्या, विक्री फक्त पेठेतल्या दुकानात, दुसऱ्या भेटीत. पोहोच वाढवायची ती साबणानं. त्याच वासाचा, पण वेगळ्या डब्यातला, वेगळ्या किमतीचा साबण, आणि तोही उत्तम. तो मॉलमध्ये, ऑनलाइन, कंपन्यांच्या दिवाळी भेटीत. साबण घेणाऱ्याला कळावं की याच्यावर अजून एक पायरी आहे आणि ती चढायला रविवार पेठेत जावं लागतं.

झालंही तसंच. हिंजवडीतली पोरंपोरी शनिवारी बोहरी आळीच्या गर्दीतून वाट काढत यायची. अब्बा काडी टेकवायचे आणि "उद्या या" म्हणायचे. पोरं वैतागायची, बाहेर जाऊन एकमेकांची मनगटं हुंगायची आणि रविवारी परत यायची. एकजण मला म्हणाला, "इतका भाव खाणारा दुकानदार मी पुण्यातपण नाही बघितला!" आणि त्यानं दोन बाटल्या घेतल्या.

मुलाचा उत्साह वाढला आणि तिथेच माशी शिंकली. मला न विचारता त्यानं कारागिराला दुप्पट माल सांगितला. शिवाय मागच्या खोलीत मुरत असलेलंही सगळं एकदम बाटल्यांत भरून टाकलं. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मागच्या खोलीत सीलबंद बाटल्यांच्या पेट्या छताला लागल्या होत्या. त्याच आठवड्यात एका मोठ्या ऑनलाइन विक्रीवाल्यांचा माणूस आला. गुळगुळीत बोलणं, हातात टॅब. चार दिवसांचा सण-सेल, 'मोठ्या'वर तीस टक्के सूट, पहिल्या पानावर फोटो. "तुमचं दुकानातलं गिऱ्हाईक आमच्याकडे येतच नाही, सर. हे वेगळेच लोक आहेत."

आम्ही तिघं दुकानात बसलो. अब्बा म्हणाले, "अत्तर काही दूध नाही नासायला. पडून राहू दे. दोन वर्षांनी जास्त मुरलेलं म्हणून जास्त भावात द्या."

बरोबर होतं ते. धंद्याच्या भाषेत मी तेच सांगायला हवं होतं, आणि ते मला माहीत होतं. पण मुलगा माझ्याकडे बघत होता. मॉलवाल्यांची थकलेल्या भाड्याची नोटीस त्याच्या खिशात होती. माझी योजना त्याला पुरली नाही असं मला म्हणवून घ्यायचं नव्हतं. एवढाच माझा अहंकार, आणि तो पुरेसा होता. मी म्हणाले, "चारच दिवस. त्याला सेल म्हणायचं नाही. 'निवडक रसिकांसाठी' म्हणू."

ते शब्द माझे. मीच लिहिले.

अब्बांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "ज्यांनी मागच्या महिन्यात घेतलं, त्यांना काय सांगू?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून मुलगा उठून दार लावायला गेला.

सेलसाठी काढलेल्या पेट्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपल्या. मुलानं पेढे वाटले. मीही खाल्ला, आणि सांगायला लाज वाटते, चांगला लागला. 'निवडक रसिकांसाठी' हे शब्द त्या पानावर बारीक अक्षरात होते. त्यांच्यावर लाल पट्टीत तीस टक्के, आणि जुन्या किमतीवर काट.

त्यानंतरचे काही आठवडे दुकान नेहमीसारखंच दिसत होतं, आणि मला तेच खुपत होतं. माणसं येत होती, वास घेत होती, डोळे मिटत होती. अब्बा म्हणायचे, "उद्या या." ती मान डोलावून जायची. आणि येत नव्हती. पहिल्यांदा मला वाटलं, दिवाळी संपली म्हणून असेल. मग एका शनिवारी एका मुलीनं मनगट हुंगत जाता जाता मैत्रिणीला सांगितलेलं मी ऐकलं. "घेऊ गं, सेल लागला की. परत लागेलच." अब्बांनीही ते ऐकलं. त्यांनी काडी पुसली आणि जागेवर ठेवली.

तेव्हा मला खरोखर भीती वाटली. चार पिढ्या या दुकानानं लोकांना थांबायला शिकवलं होतं. थांबल्यामुळे ते परत यायचे. आता लोक थांबायचे ते किंमत उतरायची वाट बघत, आणि हे थांबणं आम्हीच त्यांना शिकवलं होतं. नियम तोच राहिला होता, पण तो आता आमच्याच विरुद्ध काम करत होता.

मग सदाशिव पेठेतल्या एक बाई आल्या. मुलीच्या लग्नात सासरच्यांना द्यायला त्यांनी सेलच्या आधी दोन बाटल्या घेतल्या होत्या, पूर्ण किमतीत, दोन खेपा घालून. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली.

अब्बा उठून उभे राहिले. "काही बिघडलं का, ताई? पैसे परत देतो."

"पैसे नकोत मला. वासाला नावं ठेवायला मी आले नाही, वास उत्तमच आहे." त्यांनी चष्मा पुसला. "विहीणबाई काल चारचौघांत म्हणाल्या, 'छान आहे हो, आम्हीपण बघितलं होतं त्या सेलमध्ये.' मी काय त्यांना बिलावरची तारीख दाखवत बसू? ही दुसरी माझ्याकडे होती. मला आता ती कुणाला देववत नाही. तुम्हीच ठेवा."

आणि त्या गेल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आम्ही हातपाय मारले. साबणाचीही ऑनलाइन विक्री बंद केली. किंमत वाढवली. जुन्या गिऱ्हाइकांना अब्बांच्या हातानं पत्रं लिहिली, प्रत्येकाला साबणाची पेटी पाठवली. मॉलचं काउंटर सोडलं. हे सगळं मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं, आणि धीर धरला तर काही वर्षांत याचा उपयोग होतोही. पण इंटरनेटवर अत्तराचं नाव शोधलं की तो काट मारलेला आकडा अजून सगळ्यात आधी वर यायचा. त्या विक्रीवाल्यांना मी तीन पत्रं पाठवली. "पान निष्क्रिय आहे" असं त्यांनी कळवलं.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचं लग्न ठरलं. तिला 'मोठं'च द्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आदल्या दिवशी जाऊन वास घेतला, दुसऱ्या दिवशी परत गेले. अब्बांनी माझ्यासाठीही नियम मोडला नाही आणि मला ते फार बरं वाटलं. त्यांनी बाटली मऊ कपड्यानं पुसली, डब्यात ठेवली. पैसे मी आधीच दिले होते.

"अब्बा," मी म्हणाले, "बिल आत ठेवता का? वरच ठेवा, उघडल्यावर दिसेल असं."

ते थांबले. डब्याचं झाकण त्यांच्या हातात होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं. भाचीच्या सासरच्यांना ते सेलमधलं वाटू नये, म्हणून मी पूर्ण किमतीचा पुरावा मागत होते. हे अत्तर कसं विकायचं हे ज्या बाईनं ठरवलं होतं, तिलाच ते बिलाशिवाय कुणाला द्यायची हिंमत होत नव्हती.

"तुम्हीसुद्धा, बेटा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यांनी बिलाची नीट घडी घातली, बाटलीवर ठेवली आणि झाकण लावलं. डबा माझ्याकडे सरकवला. मग माझ्यासमोरच फोन उचलून त्यांनी उत्तरेतल्या कारागिराचा नंबर लावला. आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, घरच्यांची केली. आणि मग शांतपणे सांगितलं की, या हिवाळ्यात आमच्यासाठी भट्टी लावू नका.